पंखा, मोटर आणि ऐरोलीच्या काकू: पहिल्या चॉइस स्टडीत मी कुठे आपटले

वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या मार्केट रिसर्च ऑफिसात लागून मला जेमतेम चार महिने झाले होते. स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी, लॉजिट मॉडेलवर प्रोजेक्ट केलेलं, त्यामुळे आपल्याला यातलं सगळं येतं अशी पक्की समजूत. तेव्हा माझ्याकडे पंख्याचं काम आलं. क्लायंटचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. साध्या मोटरचे छताचे पंखे बनवणारी कंपनी होती आणि तिला कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा पंखा काढायचा होता. प्रश्न सरळ होता. बीएलडीसीसाठी ठाणे आणि नवी मुंबईतला ग्राहक किती जास्त पैसे मोजेल?

तुम्ही या फिल्डमध्ये नवीन असाल तरी एक गोष्ट तुम्हाला माहीत असेलच, की हा प्रश्न थेट विचारायचा नाही. "बीएलडीसीसाठी किती जास्त द्याल?" असं विचारलं की अर्धे लोक घासाघीस करायला बसल्यासारखा आकडा सांगतात आणि उरलेले तुम्हाला बरं वाटावं म्हणून. "वीजबचत तुम्हाला किती महत्त्वाची?" विचारलं तर ती सगळ्यांनाच महत्त्वाची असते. वॉरंटीही महत्त्वाची, किंमतही महत्त्वाची. म्हणून आपण दोन-तीन पंखे शेजारी ठेवतो, प्रत्येकाची मोटर, रिमोट, वॉरंटी, किंमत वेगळी, आणि म्हणतो, यातला कुठला घ्याल? असे आठ-दहा प्रश्न, हीच चॉइस स्टडी. कुणी काही सोडून काही पत्करलं की त्या निवडीतून आपण सौदा वाचतो. डॅनियल मॅकफॅडन यांना 2000 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच निवडींच्या विश्लेषणासाठी. एवढी पार्श्वभूमी पुरे, कारण माझी चूक मॉडेलमध्ये नव्हतीच. मॉडेल चालवण्याच्या कितीतरी आधी, कार्डं बनवतानाच ती झाली होती.

कार्डांवर चार गोष्टी होत्या. मोटर साधी (75 वॉट) किंवा बीएलडीसी (28 वॉट). रिमोट आहे किंवा नाही. वॉरंटी 2 वर्षं किंवा 5 वर्षं. किंमत 1,800, 2,400, 3,000 किंवा 3,600 रुपये. एका प्रश्नात तीन पंखे आणि चौथा पर्याय "यातला कोणताच नाही". हा चौथा पर्याय कधीही काढू नका, क्लायंटने कितीही हट्ट केला तरी. तो नसला की माणूस नाइलाजाने काहीतरी निवडतो आणि तुम्ही त्याला मागणी समजता. प्रत्येकाला आठ प्रश्न, आणि प्रश्नांचे दहा संच, म्हणजे एकूण 240 पंखे कार्डांवर. आधी 80 जणांचा पायलट, मग मोठा सर्व्हे, असं ठरलं होतं.

कुठल्या कार्डावर काय येणार याचं डिझाइन मी सॉफ्टवेअरकडून करून घेतलं आणि पहिला संच सरांना दाखवला. सरांनी तिसरं कार्ड उचललं. "बीएलडीसी, रिमोटसकट, 1,800 रुपये? कुठे मिळतो हा? मलाही सांग, चार घेतो." सगळे हसले. पुढच्या कार्डावर साधी मोटर 3,600ला होती. "आणि हा कोण घेणार? लोक आपल्याला वेड्यात काढतील."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटण्यापेक्षा मला ओशाळल्यासारखं झालं. सॉफ्टवेअरमध्ये नको असलेल्या जोड्या बंद करायची सोय असते, ती मी वापरली. साधी मोटर फक्त 1,800 किंवा 2,400ला, बीएलडीसी फक्त 3,000 किंवा 3,600ला. कार्डं आता एखाद्या दुकानाच्या पत्रकासारखी दिसू लागली. सर खूश झाले, मीही खूश झाले. हा तो खड्डा. पुढचं सगळं त्याच्याबद्दल आहे, कारण माझ्यानंतर आलेल्या तीन मुलांना मी यातच पडताना पाहिलंय.

फिल्डला मी स्वतः गेले होते. हे माझं ठाम मत आहे, आवडो न आवडो: ज्याने आपल्या कार्डांवरून पाच लोकांच्या घरी स्वतः प्रश्न विचारलेले नाहीत त्याने त्या डेटाला हात लावू नये. ऑनलाइन पॅनेलवर दोन दिवसांत जवाब येतात म्हणून सगळे तिकडे पळतात. पळा, पण आधी पाच घरं करून मग.

ठाण्याहून वाशीची लोकल पकडून ऐरोलीला उतरले. एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर काकूंनी दार उघडलं. पंख्याचं काम म्हटल्यावर त्यांनी आधी हॉलमधला घरघरणारा पंखा दाखवला, मग टॅबलेट हातात घेतला. पहिले दोन प्रश्न त्यांनी नीट वाचून केले. तिसऱ्यापासून बोट भरभर चालायला लागलं. पाचव्या प्रश्नाला माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, तुझा बीएलडीसीवाला प्रत्येक वेळी महागच आहे. मग किंमत कशाला दाखवतेस? नुसतं मोटर विचार ना."

मी हसले आणि म्हटलं, "बाजारात तसंच असतं ना काकू." त्या म्हणाल्या, "बाजारात मी रोजच जाते."

मला वाटलं, काकूंना कंटाळा आला असणार. प्रत्यक्षात माझ्या डिझाइनमधला दोष त्यांनी पाच प्रश्नांत ओळखला होता आणि माझ्या कानावरून तो तसाच गेला.

80 जणांचा डेटा आला आणि मी मॉडेल चालवलं. किंमत मी शंभर रुपयांच्या एककात घेतली होती, म्हणजे 3,000 रुपये म्हणजे 30. बीएलडीसीचा गुणांक आला 0.40 आणि किंमतीचा -0.012. बीएलडीसीने पंख्याचं आकर्षण 0.40ने वाढतं आणि प्रत्येक शंभर रुपयांनी 0.012ने घटतं. मग बीएलडीसीची किंमत रुपयांत काढायला एकाला दुसऱ्याने भागायचं. 0.40 भागिले 0.012 म्हणजे साधारण 33.3 शतकं, म्हणजे 3,333 रुपये.

1,800च्या पंख्यात मोटर बदलण्यासाठी लोक 3,333 रुपये जास्त देतील? मला हा आकडा फार आवडला. तुमच्याही बाबतीत असं होईल. पहिल्या स्टडीत आलेला कुठलाही मोठा आकडा शोध वाटतो.

शिवाय माझ्याकडे पुरावाही होता. आठ प्रश्नांशिवाय एक नववा प्रश्न मी सगळ्यांना सारखाच विचारला होता आणि तो मॉडेलमध्ये घेतला नव्हता, फक्त तपासायला ठेवला होता. एका बाजूला साधी मोटर 1,800ला, दुसऱ्या बाजूला बीएलडीसी 3,000ला, बाकी सगळं सारखं. 80 पैकी 45 जणांनी बीएलडीसी निवडला, म्हणजे 56 टक्क्यांच्या जरा वर. मॉडेल काय म्हणत होतं? दोघांतला फरक 0.40 वजा 12 गुणिले 0.012, म्हणजे 0.256. फरकावरून निवडीचा वाटा काढणाऱ्या लॉजिटच्या सूत्रात तो टाकला की 56.4 टक्के. अगदी नेमकं. सरांनी पाठ थोपटली. सादरीकरणाच्या स्लाइडवर मी ही तुलना मोठ्या अक्षरांत टाकली.

हेच नीट समजून घ्या, कारण इथे तुमचा नवा मेंटरही फसू शकतो. अंदाज बरोबर आला याचा अर्थ गुणांक बरोबर आहेत असा होत नाही. माझ्या कार्डांवर साध्यावरून बीएलडीसीवर जाणं म्हणजे सरासरी 1,200 रुपये जास्त देणंही होतं. मोटर आणि 1,200 रुपये एका पिशवीत शिवलेले. लोकांनी मला प्रामाणिकपणे सांगितलं की ही पिशवी साध्या पंख्यापेक्षा 0.26ने चांगली वाटते. पण त्या 0.26मध्ये मोटरचा आनंद किती आणि पैशाचं दुःख किती, हे ते सांगू शकत नव्हते, कारण मी त्यांना कधी वेगवेगळं विचारलंच नव्हतं. आनंद 0.40 आणि दुःख 0.14 असेल तरी बेरीज तीच. आनंद 0.80 आणि दुःख 0.54 असेल तरी तीच. नववा प्रश्न हा पुन्हा त्याच पिशवीचा प्रश्न होता. तो बरोबर येणारच होता.

क्लायंटच्या मीटिंगच्या दोन दिवस आधी आमच्या ऑफिसात पूर्वी काम केलेल्या एक मॅडम सहज भेटायला आल्या होत्या. स्लाइड बघून त्यांनी अभिनंदन वगैरे काही केलं नाही. "किंमतीचा स्टँडर्ड एरर किती?" एवढंच विचारलं. गुणांक किती डळमळीत आहे ते सांगणारा तो आकडा मी बघितला. 0.018. गुणांक -0.012 आणि एरर त्याहून मोठा. म्हणजे 95 टक्क्यांची मर्यादा साधारण -0.047पासून +0.023पर्यंत. शून्य मधेच. लोकांना महाग पंखा जास्त आवडतो हीसुद्धा शक्यता माझा डेटा नाकारत नव्हता! आणि ज्याने आपण भागतोय ते शून्याला चिकटलेलं असेल तर उत्तर तीन हजार असो की तीस हजार, दोन्ही सारखेच निरर्थक.

मग त्यांनी माझ्याच लॅपटॉपवर दोन ओळी टाइप केल्या.

```
table(cards$bldc, cards$price)
cor(cards$bldc, cards$price)
```

आणि स्क्रीनवर हे आलं:

```
    1800 2400 3000 3600
  0   60   60    0    0
  1    0    0   60   60

0.894
```

ते चार शून्य मी आजही विसरलेले नाही. ही दोन ओळींची तपासणी कार्डं छापायच्या आधी करता येते. तिला ना लोक लागतात, ना फिल्डचा खर्च. मी ती केली नव्हती, कारण सॉफ्टवेअरने शेवटी "डिझाइन तयार" असा हिरवा संदेश दाखवला होता. हिरव्या संदेशाचा अर्थ एवढाच की तुम्ही सांगितलेल्या अटींत जमेल तितकं चांगलं केलं. अटीच मूर्खपणाच्या आहेत हे ते सांगत नाही.

मोटर आणि किंमतीचा परस्परसंबंध 0.894 म्हणजे किती वाईट, याचा हिशोब नवख्यांनी एकदा हाताने करून बघावा. त्याचा वर्ग 0.80. म्हणजे किंमतीतल्या एकूण चढउतारापैकी 80 टक्के मोटरबरोबरच हलतात आणि मोटरपासून वेगळी अशी किंमतीची हालचाल फक्त 20 टक्के उरते. ढोबळपणे बोलायचं तर किंमतीबद्दल मी 80 जणांना विचारलं, पण माहिती 16 जणांएवढी मिळाली. कुठलीच जोडी बंद न केलेल्या मुक्त डिझाइनच्या मानाने स्टँडर्ड एरर सव्वादोन पट झाला. क्लायंटने पैसे 80 जणांचे दिले होते.

आता सगळ्यात बोचणारा भाग. बाजारातला खरा विक्रीचा डेटा घेतला तर त्यात हीच अडचण असते. दुकानात बीएलडीसी महाग असतोच, साधा स्वस्त असतोच, म्हणून दोन्ही वेगळे करता येत नाहीत. मुळात काल्पनिक पंख्यांचा प्रयोग करतात तो यासाठीच. आपल्या हातात किंमतही असते आणि मोटरही, दोन्ही स्वतंत्रपणे हलवता येतात. मी प्रयोग करायचा म्हणून निघाले आणि "खरं वाटलं पाहिजे" या नादात पुन्हा बाजारच मांडून बसले. काकू म्हणाल्या होत्या तेच, बाजारात त्या रोजच जातात.

मीटिंग पुढे ढकलली. दुसऱ्या 80 जणांचा खर्च ऑफिसने सोसला आणि तो कुणाच्या चुकीमुळे झाला याची आठवण मला पुढचे सहा महिने दर शुक्रवारी करून दिली गेली. असो. पायलटमध्येच हे घडलं हे माझं नशीब. मोठ्या सर्व्हेत झालं असतं तर ही नोकरी राहिली असती की नाही, शंका आहे. तुमच्याकडून पायलटमध्ये काही बिघडलं तर रडू नका, पायलट त्यासाठीच असतो. पण पायलट न करता थेट मोठ्या सर्व्हेवर उडी मारलीत तर माझ्याकडे सहानुभूती मागायला येऊ नका.

दुसऱ्या वेळी जोड्या बंद केल्या नाहीत. आठही खणांत 30-30 पंखे. सरांची जुनी शंका पुन्हा आली, की 1,800चा बीएलडीसी बघून लोक हसतील. काही हसलेही. पण हसणं आणि उत्तर न देणं यात फरक आहे. आम्ही सुरुवातीला एक वाक्य वाढवलं: "हे पंखे नव्या दुकानात खरोखर या किंमतीला मिळतात असं धरा, आणि कार्डावर लिहिलेलं सोडून बाकी सगळं सारखंच आहे." दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा. तो नसला तर कित्येक जण महाग म्हणजे दणकट, टिकाऊ असं मनातच धरून चालतात आणि किंमतीचा गुणांक त्यामुळे शून्याकडे सरकतो. कोपरखैरण्यातल्या एका गृहस्थांनी 1,800चा बीएलडीसी बघून "स्कीम असेल" असं स्वतःच म्हणून तो निवडला आणि पुढच्या प्रश्नावर गेले. लोकांना सेल, ऑफर, जुना स्टॉक, सगळं माहीत असतं. आपणच त्यांना भोळं समजतो.

तरीही तुमचे सर ऐकत नसतील, आणि नव्या माणसाचं सर ऐकत नाहीत हेही खरं, तर एक मधला मार्ग आहे. दोन्ही मोटरच्या किंमती एकमेकांवर येऊ द्या. साधी 1,800, 2,400, 3,000ला आणि बीएलडीसी 2,400, 3,000, 3,600ला. वेडगळ वाटणारी टोकाची दोन कार्डं गेली, पण 2,400 आणि 3,000ला दोन्ही भेटतात. परस्परसंबंध 0.89वरून 0.52वर येतो. किंमतीचा स्टँडर्ड एरर मुक्त डिझाइनच्या सव्वादोन पटींऐवजी साधारण 1.4 पट राहतो. फुकट नाही, पण परवडणारं आहे. आणि सरांना पटवायचं तर तत्त्वज्ञान सांगू नका. "या अटीमुळे एवढ्या लोकांचे पैसे वाया जातात" असं सांगा. माझे सर त्या भाषेत पटकन समजतात.

दुसऱ्या 80 जणांचा निकाल असा आला: बीएलडीसी 0.81, किंमत -0.046, तिचा स्टँडर्ड एरर 0.008. भागाकार केला तर 1,761 रुपये. आधीच्या आकड्याच्या जवळपास निम्मा. मर्यादा काढली ती साधारण 1,150पासून 2,800पर्यंत. मध्यापासून वरची बाजू लांब आहे हे लक्षात घ्या. भागाकारात असंच होतं, म्हणून अधिक-उणे लावून सारखं अंतर दाखवू नका. आणि 80 जणांत एवढी रुंदी असणारच. क्लायंटला "1,761" सांगून शेवटच्या एक रुपयाचा तोरा मिरवू नका.

आता दोन्ही निकाल शेजारी ठेवून बघा, म्हणजे खड्ड्याची खोली कळेल. साधा पंखा 1,800ला आणि बीएलडीसी 3,000ला असेल तर नवा निकाल सांगतो 0.81 वजा 12 गुणिले 0.046, म्हणजे 0.258. वाटा 56.4 टक्के. जुन्यानेही 56.4च सांगितलं होतं. इथवर दोघे जुळे भाऊ. पण क्लायंटला 3,000ची किंमत माहीतच होती, त्याला विचारायचं होतं की 3,600 करू का. जुनं मॉडेल म्हणतं वाटा 54.6 टक्क्यांवर येईल, पावणेदोन टक्के गेले तर गेले, कर बिनधास्त. नवं म्हणतं 49.6 टक्के, म्हणजे जवळपास सात टक्के जातील. आणि 2,400ला आणला तर जुनं म्हणतं 58, नवं म्हणतं 63. किंमत हलवली की दोघांचे रस्ते फुटतात, आणि क्लायंट पैसे देतो ते किंमत हलवून बघण्यासाठीच.

म्हणून तपासणीचा प्रश्न ठेवायचाच असेल तर तो नेहमीच्या जोडीचा ठेवू नका. महागडा साधा आणि स्वस्त बीएलडीसी अशी उलटी जोडी ठेवा. तिथे मॉडेल टिकलं तर थोडा विश्वास ठेवा.

आता मी फिल्डच्या आधी एक काम न चुकता करते, आणि नव्या मुलांकडूनही करून घेते. खोटे लोक बनवते. गुणांक स्वतः ठरवायचे, त्यावरून खोटी उत्तरं काढायची, मग मॉडेलला ते गुणांक परत सापडतात का बघायचं. आर या सॉफ्टवेअरमध्ये एवढंच. `d`मध्ये 80 माणसं, आठ प्रश्न, तीन पंखे म्हणजे 1,920 ओळी, आणि `qid` प्रत्येक माणसाच्या प्रत्येक प्रश्नाला वेगळा. "कोणताच नाही" इथे सोडून दिलाय, डिझाइन तपासायला त्याने फार बिघडत नाही.

```
library(survival)
b <- c(0.8, -0.045)
x <- as.matrix(d[, c("bldc", "price100")])
u <- as.vector(x %*% b) - log(-log(runif(nrow(d))))
d$pick <- ave(u, d$qid, FUN = function(z) z == max(z))
clogit(pick ~ bldc + price100 + strata(qid), data = d)
```

चौथ्या ओळीतलं ते विचित्र दुहेरी लॉग म्हणजे माणसाचा लहरीपणा. लॉजिट मॉडेल तो ज्या आकाराचा मानतं, त्याच आकाराचा. हे 200 वेळा फिरवा आणि किंमतीच्या गुणांकाचा पसारा बघा. मी मुद्दाम माझं जुनं डिझाइन यातून काढलं. खरा गुणांक -0.045 ठेवूनही उत्तरं -0.08पासून -0.01पर्यंत पसरली. मुक्त डिझाइनमध्ये -0.06 ते -0.03. अर्ध्या तासाचं काम. हे मी आधी केलं असतं तर दुसऱ्या फिल्डचा खर्च वाचला असता आणि माझे शुक्रवार सुखाचे गेले असते.

मेंटरबद्दल एक सांगते, मग पुढे जाते. शिकवणारे पुष्कळ मिळतात आणि बरेचसे सॉफ्टवेअरची बटणं शिकवतात. तुमचा आकडा ऐकून "छान" म्हणणाऱ्यापेक्षा "एरर किती, कार्डं दाखव" म्हणणारं माणूस शोधा. त्या मॅडम मला एकदाच भेटल्या, वीस मिनिटं. चहा प्यायल्या आणि गेल्या.

अजून एक गैरसमज आमच्या क्लायंटलाही होता, तुमच्या क्लायंटलाही होईल. 1,761 म्हणजे "इतके जास्त लावा" असा सल्ला नव्हे. त्याचा अर्थ, साधा पंखा आणि 1,761 रुपयांनी महाग बीएलडीसी समोर ठेवले तर या मॉडेलमधला सरासरी माणूस दोघांमध्ये अडून बसतो, पन्नास-पन्नास. कंपनीला अडून बसलेला नाही, उचलून नेणारा माणूस हवा असतो. शेजारच्या दुकानात दुसऱ्या ब्रँडचा बीएलडीसी 2,900ला टांगलेला असेल तर तुमच्या 1,761चं गणित तिथेच संपलं. म्हणून आता मी रुपयांचा तो एक आकडा स्लाइडवर टाकतच नाही. वेगवेगळ्या किंमतींना वाटा किती पडेल याचा तक्ता देते.

क्लायंटचे मॅनेजर तक्ता बघून म्हणाले, "ताई, एवढं नको, एक आकडा द्या." मी 3,200च्या ओळीवर बोट ठेवलं. 54 टक्के. त्यांनी वरखाली दोन ओळी बघितल्या, कॅल्क्युलेटर काढला, मोटरचा खर्च टाकला, मग रिमोट काढून पुन्हा टाकला. अर्धा तास ते स्वतःच तो तक्ता खेळवत बसले. शेवटी रिमोट ठेवला, वॉरंटी 5ची 2 वर्षं केली आणि किंमत 3,200 लिहून घेतली.